अठ्ठेचाळीस मतं आणि कापलेलं चित्र

माझ्या फोनमध्ये एक स्क्रीनशॉट अजून जपून ठेवलेला आहे. ४ जून २०२४, लोकसभेच्या मतमोजणीचा दिवस. मतदारसंघ मुंबई उत्तर पश्चिम. माझी आत्या गेली कित्येक वर्षं गोरेगावात राहते, म्हणजे तिचं मत याच मतदारसंघातलं. निकालाच्या तक्त्याचं ते चित्र तिने घरच्या ग्रुपवर टाकलं आणि खाली विचारलं, "अरे, ४८ मतांनी म्हणजे किती टक्क्यांनी रे? आणि मागच्या वेळेपेक्षा मतं किती फिरली?"

मी घाईघाईने कॅल्क्युलेटर काढला आणि दोन मिनिटांत उत्तर पाठवलं, "विजयी उमेदवाराला ५०.००३ टक्के मतं." ते उत्तर चुकलं होतं. गणितात काही चूक नव्हती. चूक चित्रात होती, म्हणजे चित्र जिथे कापलं गेलं होतं तिथे. ती कशी झाली आणि सुधारल्यावर काय हाती लागलं, ते सांगायचं तर तक्त्याच्या पहिल्या ओळीपासून सुरुवात करावी लागेल.

निवडणूक आयोगाच्या निकालाच्या पानावर प्रत्येक उमेदवारासमोर मतांचे तीन आकडे असतात: ईव्हीएमवर पडलेली मतं, टपाली मतं आणि दोन्हींची बेरीज. त्यापुढे टक्केवारीचा रकाना असतो. आत्याच्या चित्रात वरच्या दोन ओळी नीट दिसत होत्या.

| उमेदवार | ईव्हीएम | टपाली | एकूण |
|---|---|---|---|
| रवींद्र वायकर (शिवसेना) | ४,५१,०९४ | १,५५० | ४,५२,६४४ |
| अमोल कीर्तिकर (शिवसेना, उद्धव बाळासाहेब ठाकरे) | ४,५१,०९५ | १,५०१ | ४,५२,५९६ |

टक्केवारीचा रकाना उजवीकडे कापला गेला होता आणि खालच्या ओळी पडद्यावर मावलेल्याच नव्हत्या.

अशा चित्रावरून हिशेब करताना पहिलं काम म्हणजे ताळा जमवून बघणं. व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरत आलेलं चित्र दर वेळी थोडं अधिक अंधुक होत जातं. ३ चा ८ दिसतो, ६ चा ८ होतो, १ आणि ७ एकमेकांची जागा घेतात. चित्रातले आकडे फोनकडून उचलून घेतले तर आणखी एक गडबड होते. दोन रकाने जवळजवळ असले की त्यांचे आकडे एकमेकांना चिकटतात आणि सहा आकडी संख्या अचानक दहा आकडी होते. एवढी मोठी चूक लगेच नजरेत भरते. घात करते ती लहान चूक, कारण ती खरी वाटते. पण या तक्त्याची रचनाच अशी आहे की प्रत्येक ओळ स्वतःची साक्ष देते. ईव्हीएम अधिक टपाली बरोबर एकूण, हे जमलंच पाहिजे. समजा, कीर्तिकरांचा शेवटचा ६ मी ८ वाचला. मग एकूण ४,५२,५९८ होतात आणि मताधिक्य ४८ ऐवजी ४६ निघतं. ऐकायला ते काही खटकत नाही. पण ४,५१,०९५ मध्ये १,५०१ मिळवले की ४,५२,५९६ येतात, दोनाचा फरक दिसतो आणि चूक सापडते.

हिशेबनीस मंडळींची एक जुनी युक्ती इथेही लागू पडते. बेरीज जुळत नसेल आणि फरकाला नवाने पूर्ण भाग जात असेल, तर शेजारचे दोन अंक उलटे लिहिले गेल्याचा संशय घ्यायचा. ४,५२,५९६ च्या जागी हाताने ४,५२,५६९ उतरवलं तर फरक २७ चा येतो, म्हणजे नऊ त्रिक. या एका उलटापालटीने मताधिक्य ४८ वरून ७५ वर गेलं असतं.

ताळा जमल्यावर मताधिक्य काढणं सोपं आहे. पहिल्याच्या एकूण मतांतून दुसऱ्याची एकूण मतं वजा करायची. ४,५२,६४४ उणे ४,५२,५९६, उत्तर ४८. यात तिसऱ्या कुठल्याही ओळीचा संबंध नाही. त्यामुळे खालच्या ओळी कापल्या गेल्या तरी मताधिक्याला धक्का लागत नाही, फक्त तक्ता मतांच्या क्रमाने लावलेला आहे एवढी खात्री हवी. उलट बाजू अशी की त्या दोन ओळींतली एका मताची चूकही मताधिक्यात पूर्णच्या पूर्ण उतरते. टक्केवारीत अशा चुका मोठ्या संख्येत विरून जातात, मताधिक्यात त्यांना लपायला जागाच नसते.

आता पुन्हा रकान्यांकडे या. फक्त ईव्हीएमचा रकाना पाहिला तर कीर्तिकर एका मताने पुढे आहेत, ४,५१,०९५ विरुद्ध ४,५१,०९४. टपाली मतांत वायकर ४९ ने पुढे आहेत. ४९ मधून १ गेला, उरले ४८. नऊ लाखांहून अधिक लोकांनी बटणं दाबली आणि यंत्रांतला फरक एका मताचा निघाला. मतमोजणीचे आकडे मी बरीच वर्षं पाहतो आहे, तरी या ओळीवर नजर गेली की आजही क्षणभर थांबायला होतं. टपाली मतं म्हणजे लष्करातले जवान, निवडणुकीच्या कामावरचे कर्मचारी आणि ज्यांना घरून मत देण्याची सोय मिळाली असे ८५ वर्षांवरचे वृद्ध व दिव्यांग मतदार. या मतदारसंघाचा निकाल त्यांच्या पाकिटांतून लागला. एरवी तक्त्यातला टपालीचा रकाना वाचायचा सोडून दिला तरी चालून जातं. इथे तो सोडला असता तर विजेताच बदलला असता. म्हणून स्क्रीनशॉटमध्ये मतांचा एकच रकाना दिसत असेल तर तो ईव्हीएमचा आहे की एकूण मतांचा, हे आधी ठरवावं.

टपाली मतांच्या बाबतीत आयोगाचा एक नियम आहे. बाद ठरलेल्या टपाली मतांची संख्या मताधिक्यापेक्षा जास्त असेल, तर निकाल जाहीर करण्याआधी ती बाद मतं पुन्हा तपासावी लागतात. इथे बाद टपाली मतं १११ होती आणि मताधिक्य ४८, म्हणून ती पुन्हा तपासली गेली. बाद मतांचा हा आकडा उमेदवारांच्या तक्त्यात दिसत नाही. तेव्हा मताधिक्य काही शेकड्यांच्या आत असेल, तर तक्त्याबाहेर आणखी काहीतरी पाहायला हवं एवढं लक्षात ठेवावं. आणि चित्र मोजणी चालू असतानाचं आहे की अखेरचं, हे कोपऱ्यातल्या वेळेवरून कळतं. तोच कोपरा बहुतेक वेळा कापला जातो. त्या दिवशी संध्याकाळी या मतदारसंघाची वेगवेगळे आकडे दाखवणारी चित्रं फिरत होती. प्रत्येक चित्र आपापल्या वेळेपुरतं खरं होतं.

४८ चं मताधिक्य म्हणजे विजय ४८ माणसांवर अवलंबून होता असं आपण सहज बोलून जातो. ते तितकंसं बरोबर नाही. वायकरांना मत देणाऱ्या २४ जणांनी कीर्तिकरांचं बटण दाबलं असतं, तर दोघांनाही ४,५२,६२० मतं मिळाली असती. एक मतदार इकडून तिकडे गेला की एकाचं मत कमी होतं आणि दुसऱ्याचं वाढतं, म्हणजे अंतर दोनाने घटतं. समान मतं पडली तर कायद्याप्रमाणे चिठ्ठी टाकून निकाल लावतात. मुंबईकरांना हा प्रकार नवा नाही. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत गिरगावच्या २२० क्रमांकाच्या प्रभागात भाजपचे अतुल शहा आणि शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर या दोघांना प्रत्येकी ५,९४६ मतं पडली होती आणि शहा चिठ्ठीवर निवडून आले. अदलाबदलीचा हा हिशेब ध्यानात ठेवा, पुढे स्विंग काढताना तोच कामाला येणार आहे.

आता माझी चूक. मतांचा वाटा काढायचा म्हणजे उमेदवाराची मतं भागिले सगळी मतं, गुणिले शंभर. छेदात सगळी मतं हवीत. माझ्यासमोरच्या चित्रात दोनच ओळी होत्या. मी त्यांचीच बेरीज केली, ९,०५,२४० आली, तिने भागलं आणि ५०.००३ टक्के पाठवून दिले. प्रत्यक्षात खाली वंचित बहुजन आघाडीचे परमेश्वर रणशूर १०,०५२ मतं घेऊन तिसरे होते. नोटाला १५,१६१ मतं होती. बाकीच्या छोट्या उमेदवारांच्या वाट्याला मिळून साडेचोवीस हजारांच्या आसपास. सगळं धरून मतं सुमारे ९ लाख ५५ हजार होतात. तिने भागलं की वायकरांचा वाटा येतो ४७.४ टक्के.

चित्र कुठे कापलं आहे त्यावर हा आकडा कसा हलतो, ते मी नंतर कागदावर मांडून पाहिलं. दोन ओळी दिसत असतील तर ५०.० टक्के. तिसरी ओळ दिसली तर ४९.५. नोटाही धरला पण छोटे उमेदवार राहिले तर ४८.६. सगळे आले की ४७.४. वरचा आकडा तोच, ४,५२,६४४, आणि उत्तरं चार. शिवाय चारही वेळा टक्क्यांची बेरीज नेमकी शंभर भरते, कारण जेवढं दिसतं तेवढ्यालाच आपण शंभर मानलेलं असतं. म्हणजे 'बेरीज शंभर आली, गणित बरोबर' हा ताळा इथे उपयोगाचा नाही. खरा ताळा पानावर छापलेल्या टक्केवारीशी करायचा. ती एका जरी ओळीची दिसत असली तरी पुरते, कारण त्या ओळीची मतं भागिले तिची टक्केवारी, गुणिले शंभर, असं केलं की कापल्या गेलेल्या तक्त्याची एकूण बेरीज परत मिळते. मात्र त्यासाठी मोठ्या उमेदवाराची ओळ घ्यावी. छापील टक्केवारी दशांशानंतरच्या एकदोन स्थळांवर तोडलेली असते. एक टक्क्याच्या आसपास मतं असलेल्या उमेदवारावरून उलटा हिशेब केला तर बेरीज हजारोंनी चुकू शकते.

हे सगळं स्प्रेडशीटमध्ये करायचं तर अ‍ॅ रकान्यात नाव, बी मध्ये पक्ष, सी मध्ये ईव्हीएम, डी मध्ये टपाली आणि ई मध्ये एकूण मतं भरावीत. दुसऱ्या ओळीपासून उमेदवार आणि सहाव्या ओळीत शेवटचा नोटा आहे असं धरू. मग पुढची दोन सूत्रं पुरतात. पहिल्याचं उत्तर प्रत्येक ओळीत शून्य यायला हवं, दुसरं मतांचा वाटा देतं.

```
=C2+D2-E2
=E2/SUM(E$2:E$6)*100
```

इथे दोन ठिकाणी ठेच लागते. आपण लाखाच्या पद्धतीने स्वल्पविराम देतो, ४,५२,६४४ असा. संगणक पाश्चात्त्य पद्धतीवर लावलेला असेल तर तो याला संख्या न मानता मजकूर समजू शकतो आणि बेरजेतून निमूटपणे वगळतो. आकडे खान्याच्या डाव्या कडेला चिकटलेले दिसले तर हेच झालंय असं समजावं आणि स्वल्पविराम काढून टाकावेत. दुसरी ठेच म्हणजे चित्रातली तळाची 'एकूण' ही ओळही उमेदवारांबरोबर उतरवली जाते. तसं झालं की छेद दुप्पट होतो आणि विजयी उमेदवाराला ४७.४ ऐवजी २३.७ टक्के मिळालेले दिसतात. सगळ्यांचा वाटा बरोबर निम्मा झाला असेल तर कारण शोधायला फार लांब जावं लागत नाही.

नोटा छेदात धरायचा की नाही, हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो. आयोगाच्या निकालाच्या पानावरची टक्केवारी नोटा धरून काढलेली असते, म्हणून आपणही धरावा, म्हणजे आकडे पडताळून पाहता येतात. अनामत जप्त होण्याचा हिशेब मात्र वेगळा आहे. तिथे वैध मतांचा सहावा हिस्सा मोजतात आणि त्या बेरजेत नोटा नसतो. या मतदारसंघात नोटा वगळला तर वायकरांचा वाटा ४८.२ होतो, म्हणजे जवळजवळ एका टक्क्याचा फरक. कुठलीही एक पद्धत घ्या, पण दोन निवडणुकांची तुलना करताना दोन्हीकडे तीच ठेवा. कारण पुढची पायरी वजाबाकीची आहे, आणि तिथे हा एक टक्का थेट उत्तरात जाऊन बसतो.

आत्याला हे सगळं समजावून सांगितल्यावर तिने पुन्हा विचारलं, "मग फरक किती टक्के?" ४८ भागिले ९,५५,०००, गुणिले शंभर. उत्तर ०.००५ टक्के. दोघांचा वाटा एका दशांशापर्यंत ४७.४ च येतो. विजयी आणि पराभूत उमेदवाराच्या नावापुढे सारखीच टक्केवारी पाहून तिला वाटलं, छापण्यात काहीतरी चुकलंय. चुकलेलं काही नव्हतं. टक्क्यांची पट्टी एवढं बारीक माप दाखवत नाही, म्हणून इतक्या अटीतटीच्या निकालात मताधिक्य मतांतच सांगावं.

आता तिचा दुसरा प्रश्न, मतं किती फिरली? यालाच निवडणुकीच्या भाषेत स्विंग म्हणतात. ब्रिटनमध्ये डेव्हिड बटलर यांनी दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत हे माप रुळवलं. भारतात प्रणय रॉय आणि अशोक लाहिरी यांनी बटलर यांच्याबरोबर १९८४ मध्ये भारतीय निवडणुकांचा आकडेवारीचा ग्रंथ केला, आणि मग निकालाच्या रात्री दूरचित्रवाणीवर हा शब्द घरोघर पोचला. माप साधं आहे. एका बाजूचा वाटा किती अंकांनी घटला आणि समोरच्या बाजूचा किती अंकांनी वाढला, या दोन्हींची सरासरी. निम्मं का करायचं, तर मघाच्या २४ मतदारांमुळे. एक जण इकडून तिकडे गेला की अंतर दोनाने बदलतं, म्हणून अंतरातल्या बदलाचा अर्धा भाग म्हणजे सरकलेली मतं.

त्यासाठी दुसरा तक्ता हवा, २०१९ चा. तेव्हा शिवसेनेचे गजानन कीर्तिकर यांना ५,७०,०६३ मतं होती आणि काँग्रेसचे संजय निरुपम यांना ३,०९,७३५. मताधिक्य २,६०,३२८. एकूण मतं सुमारे ९ लाख ४१ हजार, तेव्हा वाटे येतात ६०.६ आणि ३२.९ टक्के. दोन्ही तक्ते शेजारी ठेवण्याआधी मतदारसंघाची हद्द तीच आहे ना, हे पाहावं लागतं. २००८ च्या पुनर्रचनेनंतर मुंबई उत्तर पश्चिममध्ये जोगेश्वरी पूर्व, दिंडोशी, गोरेगाव, वर्सोवा, अंधेरी पश्चिम आणि अंधेरी पूर्व असे सहा विधानसभा मतदारसंघ आहेत, आणि २०१९ व २०२४ मध्ये ते तसेच होते. तुलना चालते. २००४ मध्ये याच नावाच्या मतदारसंघातून सुनील दत्त निवडून आले होते, पण तेव्हाच्या हद्दी वेगळ्या होत्या. नाव सारखं आहे म्हणून त्या तक्त्याशी स्विंग काढला तर तो दोन वेगवेगळ्या वस्त्यांमधला फरक असेल.

हद्दीचं जमलं. आता खरी अडचण समोर येते: कुणाची तुलना कुणाशी करायची?

२०२२ मध्ये शिवसेना फुटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये आयोगाने पक्षाचं नाव आणि धनुष्यबाण एकनाथ शिंदे यांच्या गटाला दिले. २०१९ चे खासदार गजानन कीर्तिकर शिंदे यांच्याकडे गेले होते, तर त्यांचे पुत्र अमोल कीर्तिकर उद्धव ठाकरे यांच्याबरोबर राहिले आणि २०२४ मध्ये मशाल या चिन्हावर उभे राहिले. त्यांच्यासमोरचे वायकर आदल्याच मार्च महिन्यापर्यंत ठाकरे यांच्या पक्षात होते. आता संगणकाला दोन तक्ते देऊन ओळी जुळवायला सांगा. आडनावाने जुळवल्या तर कीर्तिकर ६०.६ वरून ४७.४ वर आलेले दिसतात, जणू एकच उमेदवार दोनदा उभा होता. पक्षाच्या नावाने जुळवल्या तर शिवसेना तितकीच खाली येते, पण समोरच्या पक्षाची २०१९ ची ओळच सापडत नाही. ती शून्य धरली की ० वरून ४७.४, आणि सरासरी काढली की स्विंग तीस अंकांच्या पुढे जातो. सूत्रात कुठेही चूक नाही, तरी उत्तराला काही अर्थ नाही. दोन्ही सेनांची बेरीज केली तर ६०.६ वरून ९४.८ होतात, पण त्यात एकीकडे भाजपची आणि दुसरीकडे काँग्रेस व शरद पवारांच्या राष्ट्रवादीची मतं मिसळलेली आहेत.

माझ्या मते इथे धरता येईल अशी एकच जोडी आहे, ती आघाड्यांची. २०१९ मध्ये शिवसेना भाजपबरोबर होती, २०२४ मध्ये शिंदे यांची शिवसेना भाजपबरोबर होती. समोर २०१९ मध्ये काँग्रेस आघाडी, २०२४ मध्ये काँग्रेससह महाविकास आघाडी. भाजप ज्या बाजूला ती एक बाजू, काँग्रेस ज्या बाजूला ती दुसरी. पहिली ६०.६ वरून ४७.४ वर आली, घट १३.२ अंक. दुसरी ३२.९ वरून ४७.४ वर गेली, वाढ १४.५ अंक. सरासरी सुमारे १४ अंक, महायुतीकडून महाविकास आघाडीकडे. पडताळून पाहायचं तर २०१९ चं अंतर २७.७ अंक होतं, २०२४ मध्ये ते जवळजवळ शून्यावर आलं, आणि २७.७ चं निम्मं तेवढंच येतं. या उत्तराबरोबर जोडी कशी धरली ते लिहायलाच हवं. नुसतं '१४ टक्के स्विंग' असं लिहिलेलं वाचलं की मी आता आधी जोडी शोधतो.

'टक्के' आणि 'अंक' यांत इथे फरक आहे, तोही सांगतो. ६०.६ वरून ४७.४ ही १३.२ अंकांची घट आहे. पण ६०.६ च्या तुलनेत ती जवळजवळ २२ टक्के भरते. वर्तमानपत्रांत दोन्ही आकडे 'टक्के' म्हणूनच छापून येतात आणि वाचणारा गोंधळतो. स्विंग नेहमी अंकांतच मोजतात.

आत्याने यावर जे विचारलं ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. "म्हणजे शंभरातल्या चौदा जणांनी बाजू बदलली?" नाही, तसं म्हणता येत नाही. स्विंग हा निव्वळ फरक आहे. वीस जण तिकडे गेले आणि सहा इकडे आले तरी उत्तर चौदाच येतं. कुणीच बाजू बदलली नाही, एका बाजूचे बरेच लोक घरी बसले आणि दुसरीकडचे नव्याने बाहेर पडले, तरीही वाटे असेच सरकू शकतात. पाच वर्षांत कितीतरी माणसं घर बदलून गेली, कितीतरी पहिल्यांदा मतदार झाली. शिवाय इथे निरुपमांना पूर्वी मत दिलेल्या माणसाने २०२४ मध्ये मशालीला मत दिलं, आणि २०१९ मध्ये धनुष्यबाणाला मत दिलेल्या माणसानेही मशालीलाच दिलं, तर त्या दुसऱ्या माणसाच्या मनात त्याने पक्ष बदललाच नाही. आपल्या हिशेबात मात्र तो बाजू बदललेला मतदार ठरतो. कोण कुठून कुठे गेलं हे दोन तक्त्यांतून कधीच बाहेर येत नाही. ते जाणून घ्यायला मतदारांना भेटून विचारावं लागतं.

तरी एक पाऊल पुढे टाकता येतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये विधानसभा निवडणूक झाली तेव्हा जोगेश्वरी पूर्वमध्ये रवींद्र वायकर यांच्या पत्नी मनीषा वायकर शिवसेनेकडून उभ्या होत्या आणि ठाकरे यांच्या पक्षाचे अनंत नर १,५४१ मतांनी निवडून आले. आत्याने तो स्क्रीनशॉटही पाठवला आणि विचारलं, "लोकसभेपासून इथे किती बदललं?" लोकसभेच्या चित्रावरून हे काढता येत नाही, कारण त्यात सहा विधानसभा मतदारसंघांची मतं एकत्र मिसळलेली आहेत. त्यासाठी आयोगाचा फॉर्म २० पाहावा लागतो. त्यात प्रत्येक मतदान केंद्राची मतं वेगवेगळी दिलेली असतात. जोगेश्वरी पूर्वची केंद्रं वेगळी काढून बेरीज केली की तिथले लोकसभेचे वाटे मिळतात. फक्त ते ईव्हीएमचे असतात. टपाली मतं लोकसभेला संपूर्ण मतदारसंघासाठी एकत्र मोजली जातात, त्यामुळे वायकरांची १,५५० आणि कीर्तिकरांची १,५०१ मतं सहांपैकी कुठल्याच विधानसभा मतदारसंघाच्या खात्यावर पडत नाहीत. विधानसभेच्या तक्त्यात मात्र टपाली मतं धरलेली असतात. म्हणून तिथलाही फक्त ईव्हीएमचा रकाना घ्यायचा, तेव्हा दोन्ही बाजू सारख्या होतात. आत्याने पाठवलेल्या दुसऱ्या चित्रात नेमका तोच रकाना कापला गेला होता. तो पुन्हा पाठव, असं मी तिला लिहिलं.